छप्पन अंशांची गोष्ट कोणत्या मराठीत सांगायची?

30 मे 2024 ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर 56 अंश सेल्सिअस असा आकडा उमटला. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू होता, शहर आधीच भाजून निघालं होतं, त्यामुळे बातमी वाऱ्यासारखी पसरली. पुढे हवामान खात्याने खुलासा केला की त्या केंद्राचा सेन्सर नीट चालत नव्हता. शहरातल्याच इतर काही केंद्रांवर पारा 44 च्या आसपास होता.

शाळकरी आणि कॉलेजातल्या मुलांसाठी सहा मिनिटांचा माहितीपट करायला हा विषय फार चांगला आहे. तापमान म्हणजे काय, ते कुठे आणि कसं मोजतात, एक आकडा चुकला हे कशावरून कळतं, हे सगळं त्यात येतं आणि मुलांना स्वतःच्या शहरातून कळतं. पण चित्रं गोळा झाली, आकडे तपासून झाले, की खरा प्रश्न समोर येतो. हे बोलणार कोण, आणि कोणत्या मराठीत? निवेदन लिहिण्याचं आणि निवेदकांकडून ते बोलून घेण्याचं काम मी नागपुरात करतो. या एका माहितीपटाचा एक परिच्छेद हातात घेऊन तो निर्णय कसा घ्यायचा ते इथे उलगडून सांगतो.

पहिला खर्डा बहुतेक वेळा असा येतो:

"दिनांक 30 मे 2024 रोजी नागपूर शहरातील एका स्वयंचलित हवामान केंद्रावर 56 अंश सेल्सिअस इतक्या अभूतपूर्व कमाल तापमानाची नोंद करण्यात आली. तथापि, सदर नोंद संवेदकातील तांत्रिक बिघाडामुळे झाल्याचे हवामान विभागातर्फे स्पष्ट करण्यात आले. प्रत्यक्ष सूर्यप्रकाश व भूपृष्ठावरून परावर्तित होणाऱ्या उष्णतेच्या प्रभावापासून तापमापकाचे संरक्षण करण्याच्या हेतूने तो विशिष्ट उंचीवरील वायुवीजनयुक्त पेटीत स्थापित करण्यात येतो."

व्याकरणात काही चूक नाही. वर्तमानपत्रात छापला तर कोणी हरकत घेणार नाही. पण नववीतली मुलगी हे कानांनी ऐकेल तेव्हा तिच्या हाती काय लागेल? छप्पन हा आकडा लागेल, "बिघाड" लागेल, आणि शेवटी कुठलीतरी पेटी. पेटीत काय आहे आणि ती कशाला, हे निसटून जाईल.

यावर पहिला सल्ला मिळतो तो असा: संस्कृत शब्द काढा, बोलीभाषेतले घाला. हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. तो जसाच्या तसा पाळला की निवेदन सोपं होत नाही, फक्त विस्कटतं. वरच्या परिच्छेदात संस्कृत शब्द पुष्कळ आहेत, पण ते सगळे सारखे जड नाहीत. "तापमान" घ्या. अस्सल संस्कृत घडणीचा शब्द, पण पानठेल्यावरसुद्धा "आज तापमान किती गेलं?" असंच विचारतात. "अंश", "केंद्र" हेही तसेच. "परावर्तित" हा शब्द मराठी माध्यमातल्या आठवीच्या पोराला विज्ञानाच्या पुस्तकामुळे ओळखीचा असतो. उलट ज्या "सदर" शब्दाने वाक्य एकदम कचेरीत जाऊन बसतं, तो संस्कृत नाहीच. तो अरबी-फारसीकडून आलेला आहे. "महापौर" आणि "दिग्दर्शक" हे शब्द सावरकरांनी रूढ केले तेव्हा ते नवेच होते. आज पाचवीतलं पोरही ते अडखळल्याशिवाय बोलतं. शब्द कुठून आला यावर त्याचं वजन ठरत नाही. ऐकणाऱ्याने तो आधी किती वेळा ऐकलाय, यावर ठरतं.

म्हणून खर्डा हातात आला की मी त्यातले जड वाटणारे शब्द तीन ढिगांत टाकतो. पहिला ढीग शाळेच्या शब्दांचा: तापमान, बाष्पीभवन, परावर्तन, आर्द्रता. हे मुलांना परीक्षेत लिहावे लागतात, त्यामुळे ते काढून टाकण्यात त्यांचं नुकसान आहे. दुसरा ढीग कचेरीचा: दिनांक, रोजी, सदर, तथापि, तर्फे, च्या हेतूने, करण्यात आले. यातल्या एकाही शब्दाने नवी माहिती मिळत नाही. तो ढीग सरसकट जातो. तिसरा ढीग नटण्याच्या शब्दांचा: अभूतपूर्व, प्रभाव, विशिष्ट, स्थापित. हे शब्द ऐकायला भारदस्त वाटतात, पण प्रत्येकाला विचारून पाहावं, "म्हणजे नेमकं काय?" विशिष्ट उंची म्हणजे किती? उत्तर असेल तर ते उत्तरच लिहावं, नसेल तर शब्द काढावा.

पहिल्या ढिगात नागपुरात एक अडचण येते, आणि ती महाराष्ट्रातल्या प्रत्येक शहरात थोड्याफार फरकाने असणार. इथली बरीच मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, आणि मराठी शाळांतही पुष्कळ ठिकाणी "सेमी" आहे, म्हणजे विज्ञान आणि गणित इंग्रजीतून. त्या मुलाला "इव्हॅपोरेशन" माहीत असतं, "बाष्पीभवन" नाही. मराठी माध्यमातल्या मुलीचं नेमकं उलटं. यावर एकच शब्द निवडून बसू नये. क्रिया साध्या मराठीत सांगावी आणि शाळेचा शब्द तिच्या मागून आणावा: "घाम वाळतो, त्याची वाफ होते. हेच बाष्पीभवन." ज्याला शब्द येत होता त्याला ओळख पटते, ज्याला येत नव्हता त्याला तो फुकटात मिळतो. "संवेदक" मात्र मी ठेवत नाही. दोन्ही माध्यमांतली मुलं "सेन्सर"च म्हणतात, त्यांचे मास्तर पण तेच म्हणतात. जो शब्द मराठी माणसाच्या तोंडी रुळलाय तो मराठीच, असं मी मानतो.

आता त्या परिच्छेदातलं तिसरं वाक्य पाहा, कारण खरी गोम तिथे आहे. वाक्यात वीस शब्द आहेत. ज्याच्याबद्दल बोलतोय तो "तो" तेराव्या जागी येतो, पेटी सतराव्या जागी, आणि काय करतात हे सांगणारं क्रियापद सगळ्यात शेवटी. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. वाचताना त्याचा त्रास होत नाही, कारण डोळा मागे जाऊन पुन्हा पाहू शकतो. ऐकताना मागे जाता येत नाही. निवेदकाला हे वाक्य बोलायला दहा-बारा सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ ऐकणाऱ्याने सूर्यप्रकाश, भूपृष्ठ, उष्णता, प्रभाव, संरक्षण, हेतू हे सगळं डोक्यात धरून ठेवायचं असतं, कशासाठी ते कळायच्या आधी. तरुण प्रेक्षक इथे सुटतो. शब्द सोपे केले आणि वाक्य तेच ठेवलं तरी तो सुटेल. "थेट ऊन आणि जमिनीवरून परत येणाऱ्या गरमीच्या असरापासून थर्मामीटर वाचवण्यासाठी त्याला ठरावीक उंचीवरच्या हवेशीर पेटीत ठेवण्यात येतं" असं म्हणून पाहा. एकही शब्द अवघड नाही, तरी कान थकतो.

म्हणून आधी वाक्य मोडायचं, शब्दांकडे मग पाहायचं. मोडताना प्रत्येक नामातलं लपलेलं क्रियापद बाहेर काढायचं. "नोंद करण्यात आली" म्हणजे कोणी नोंदवलं? केंद्राने. "संरक्षण करण्याच्या हेतूने" म्हणजे ऊन लागू नये म्हणून. "वायुवीजनयुक्त" म्हणजे हवा आत-बाहेर खेळते. असं करताना एक गोष्ट हमखास घडते, आणि मला साध्या मराठीचा सगळ्यात मोठा फायदा तोच वाटतो: खर्ड्यातल्या चुका उघड्या पडतात. "भूपृष्ठावरून परावर्तित होणारी उष्णता" हे वाचून सगळे मान डोलावतात. ते साधं करायला बसलं की प्रश्न पडतो, ऊन रस्त्यावर आपटून परत येतं, की रस्ता स्वतः तापतो आणि मग उष्णता सोडत राहतो? थोडं ऊन परत फिरतं हे खरं, पण मे महिन्यात वर्धा रोडवर संध्याकाळी सातलाही पायाखालून जी धग येते, ती तापलेल्या डांबराची असते. तेव्हा तर सूर्य मावळलेला असतो. म्हणजे "परावर्तित" एवढा एकच शब्द पुरेसा नव्हता, अर्धी गोष्ट त्याने झाकली होती. "जमीन तापते, आणि तापलेली जमीन उष्णता बाहेर टाकते" हे वाक्य सोपंही आहे आणि जास्त बरोबरही.

बोलायचं तसं लिहायचं

निवेदनाची संहिता छापायची नसते, बोलायची असते. तरी ती लिहिताना हात आपोआप छापील मराठीकडे वळतो, कारण शाळेपासून आपल्याला तसंच लिहायला लावलंय. "केले, झाले, तापले, पाहिले" असं लिहिलं की निवेदक तसंच वाचतो, शेवटचा ए पूर्ण लांबवून. घरात कोणी "पाणी तापले" म्हणत नाही. "पाणी तापलं" म्हणतात. शुद्धलेखनाच्या नियमांतही बोलण्यातला उच्चार दाखवायचा असेल तर असा अनुस्वार देण्याची मुभा आहे. म्हणून संहितेत "केलं, झालं, तापलं" असंच लिहावं. मी निवेदकाला कधी सांगत नाही की "लिहिलंय ले, तू म्हण लं". तो तीन वाक्यं म्हणतो, चौथ्याला पुन्हा "ले" येतो, आणि ऐकणाऱ्याला दोन माणसं बोलताहेत असं वाटतं.

हीच गोष्ट प्रत्ययांची. "शहरातील" ऐवजी "शहरातलं", "येथे" ऐवजी "इथे", "व" ऐवजी "आणि", "परंतु" ऐवजी "पण". हे बदल इतके लहान आहेत की कागदावर दिसतही नाहीत. पण सहा मिनिटांच्या निवेदनात ते पन्नास-साठ जागी येतात, आणि सगळा सूर त्यांच्यावर उभा असतो. एखादा निर्माता म्हणतो, "अवघड शब्द सगळे तसेच ठेवा, पण निवेदन गप्पा मारल्यासारखं हवं." तेव्हा मी आधी हे प्रत्यय बदलून त्याला ऐकवतो. बहुतेकदा त्याचं अर्धं समाधान तिथेच होतं.

आकड्यांचं वेगळं पाहावं लागतं. संहितेत 56 लिहिलं तर एक निवेदक "छप्पन्न" वाचतो, दुसरा "छप्पन", आणि 49 समोर आलं की क्षणभर थांबतो. म्हणून आकडे अक्षरांत लिहून द्यावेत. ऐकणाऱ्याची अडचण त्याहून मोठी आहे. इंग्रजी माध्यमातल्या पोरांना "एकोणपन्नास" आणि "एकोणसाठ" यांतला फरक ओळखायला वेळ लागतो. मराठी मुलांनाही हे सोपं जात नाही, म्हणूनच 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" अशी पद्धत आणली होती आणि त्यावर केवढं वादळ उठलं होतं. निवेदनात तसं बोलायची गरज नाही. "छप्पन" म्हणावं आणि त्याच क्षणी पडद्यावर 56 मोठ्या अक्षरांत यावं. कानाने चुकलं तर डोळा सावरतो. दशांश मात्र टाळावेत. "त्रेचाळीस पूर्णांक आठ दशांश" बोलेपर्यंत ऐकणारा दुसरीकडे गेलेला असतो. "जवळपास चव्वेचाळीस" म्हणावं, नेमका आकडा पडद्यावर ठेवावा.

वेगाचं गणितही सांगून ठेवतो. माझ्या कामात मिनिटाला 110 ते 120 मराठी शब्द बसतात. त्याहून जास्त कोंबले तर निवेदक श्वास चोरतो आणि जोडाक्षरं गिळतो. मराठी शब्दाला प्रत्यय चिकटून तो लांब होतो, त्यामुळे इंग्रजीचा हिशोब इथे लावू नये. सहा मिनिटांच्या माहितीपटात निवेदन सलग सहा मिनिटं नसतंच. लोकांचं बोलणं, आवाज, मोकळी जागा धरता साडेतीन मिनिटं निवेदन पुष्कळ झालं, म्हणजे साधारण चारशे शब्द. जड खर्डे बहुतेक वेळा याच्या दुप्पट असतात. निवेदन जड होण्याचं एक साधं कारण हेही आहे की लिहिणाऱ्याला चित्रावर भरवसा नसतो.

तू, तुम्ही की आपण

तरुणांसाठी म्हटलं की पहिल्यांदा "तू" सुचतं. "तुला माहीत आहे का?" जवळीक वाटते, आणि आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी ते छान चालतंही. पण पंधरा-सोळाच्या वयात अनोळखी, पोक्त आवाजाने "तू" म्हटलं तर ते मास्तरांचं "तू" होतं. तेच एखाद्या वीस वर्षांच्या मुलीच्या आवाजात मैत्रिणीचं वाटतं. म्हणजे सर्वनाम आणि आवाजाचं वय ही एकत्र ठरवायची गोष्ट आहे.

"तू"ची दुसरी अडचण लिहायला बसल्यावरच कळते. मराठीत "तू"बरोबर क्रियापद लिंग दाखवतं. "तू उन्हातून आलास" की "आलीस"? "तू बाहेर जातोस" की "जातेस"? एक निवडलं की अर्धा वर्ग बाहेर. "तुम्ही आलात" म्हटलं की दोघंही आत. "आपण उन्हातून येतो, पंख्याखाली बसतो" म्हटलं की बोलणाराही आत. मी या वयासाठी शक्यतो "आपण"वर चालतो आणि काही करायला सांगायचं असेल तिथे "तुम्ही" वापरतो. फक्त "आपण" हे आदराचं होऊ देऊ नये. "आपणांस ज्ञात असेलच" म्हटलं की निवेदक व्यासपीठावर चढला.

आता आवाज. निवेदक निवडताना लोक "आवाज चांगला आहे" यावर थांबतात. खर्जातला, घुमणारा आवाज सगळ्यांना आवडतो, आणि किल्ल्यावरच्या किंवा युद्धावरच्या माहितीपटाला तो शोभतोही. पण "सेन्सर बिघडला" हे साधं वाक्य त्या आवाजात गेलं की काहीतरी भयंकर घडल्यासारखं वाटतं. साध्या शब्दांना तो आवाज पुन्हा जड करून ठेवतो. नाटकात काम करणाऱ्या मुलांकडून उलटा धोका असतो. ती प्रत्येक शब्दाला वजन देतात, आणि प्रत्येकच शब्द महत्त्वाचा झाला की कुठलाच राहत नाही.

माझी पद्धत अशी. उमेदवाराला एक परिच्छेद वाचायला देतो आणि रेकॉर्ड करतो. मग कागद काढून घेतो आणि म्हणतो, "आता हेच समोरच्याला सांग, शब्द आठवले नाहीत तरी चालेल." समोर कोणीतरी खरंच बसलेलं असतं. दुसरी रेकॉर्डिंग ऐकताना तीन गोष्टींकडे कान द्यायचा. वाक्याच्या शेवटी आवाज प्रत्येक वेळी सारखाच खाली पडतो का. पडत असेल तर तो माणूस अजून वाचतोच आहे. नवी गोष्ट आली तिथे तो आपोआप किंचित थांबतो का. आणि प्रश्न विचारताना तो प्रश्न वाटतो का. कागदावरून वाचणं आणि कागदाशिवाय सांगणं यांत ज्याचा आवाज फारसा बदलत नाही, तो माझा निवेदक. या कसोटीवर नावाजलेले आवाज मागे पडतात आणि विज्ञान शिकवणाऱ्या एखाद्या बाई पुढे जातात, असं मी पाहिलंय. त्यांना रोज चाळीस मुलांसमोर सांगायची सवय असते, चेहरे बघून वेग बदलायची सवय असते.

आणि आपली बोली?

नागपुरात हा प्रश्न टाळताच येत नाही. इथलं साधं बोलणं म्हणजे पुण्याचं साधं बोलणं नव्हे. इथे ऊन "तापून राहिलं" असतं, "काऊन" विचारतात, "मले" आणि "तुले" म्हणतात, मधे हिंदी सहज येऊन जाते. मग नागपूरच्या मुलांसाठी निवेदन वऱ्हाडी-नागपुरीत का नको?

माझं मत असं आहे की बोली बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी पूर्ण ठेवावी आणि निवेदकाच्या तोंडी ओढूनताणून घालू नये. इतवारीत हातगाडीवर पन्हं विकणाऱ्या काकू कॅमेऱ्यासमोर "बाप्पा, लय ऊन तापून राह्यलं औंदा" म्हणतात, तेव्हा त्यावर प्रमाण मराठीतलं निवेदन चढवणं हा त्यांचा अपमान आहे. पडद्यावर खाली येणाऱ्या ओळींतही त्यांचेच शब्द यावेत. निवेदकाचं काम वेगळं आहे. त्याची मूळ बोली वऱ्हाडी असेल तर तिचा हेल आवाजात येऊ द्यावा, तो खरवडून काढू नये. पण ज्याची बोली ती नाही त्याने ती उचलली की पहिल्या वाक्यात कळतं. टीव्हीवर वऱ्हाडी इतक्या वेळा हसवण्यासाठी वापरली गेली आहे की नक्कल ऐकली की मुलं आता विनोद येणार म्हणून वाट पाहतात. तोच प्रकार "भावा", "यार" आणि त्या महिन्यातल्या चलतीच्या शब्दांचा. ते मुलांचे आपसातले शब्द आहेत. निवेदकाने वापरले की ते लगेच अंतर राखतात, आणि सहा महिन्यांनी ते शब्द शिळे होतात ते वेगळंच.

त्यापेक्षा इथल्या माणसांकडे उन्हाचे जे शब्द मुळातच आहेत ते घ्यावेत: नवतपा, झळा, ऊन लागणं, कूलरची ताटी, दुपट्टा बांधणं. "उष्माघात" हा शब्द बातम्यांतून येतो, "ऊन लागलं" हे आजीकडून येतं, आणि मुलांना दोन्ही कळलं पाहिजे. विदर्भात ही गोष्ट नवी नाही. रिद्धपूर ज्याचं मोठं ठिकाण, त्या महानुभाव पंथाच्या नागदेवाचार्यांनी तेराव्या-चौदाव्या शतकात संस्कृतचा आग्रह मोडून मराठीच धरली होती, कारण पंथातल्या साध्या बायकांना संस्कृत कळलं नसतं. विद्वत्ता त्यांच्याकडे कमी नव्हती. ऐकणारं माणूस समोर ठेवून त्यांनी भाषा निवडली.

तर तो परिच्छेद शेवटी असा झाला:

"तीस मे, दोन हजार चोवीस. नागपुरात नवतपा सुरू आहे. एका हवामान केंद्रावर आकडा येतो: छप्पन अंश. पण त्याच शहरात दुसऱ्या केंद्रांवर पारा आहे चव्वेचाळिसाच्या आसपास. एका गावात बारा अंशांचा फरक? हवामान खात्याने तपासलं. सेन्सर बिघडला होता.

मग तापमान बरोबर मोजायचं कसं? आपण मोजतो ते उन्हाचं तापमान नाही. हवेचं. म्हणून थर्मामीटर सावलीत ठेवतात, एका पांढऱ्या पेटीत. पेटीला चारी बाजूंनी झडपा असतात. वारा आत येतो, ऊन येत नाही. आणि पेटी जमिनीवर नसते. जमीन तापते, तापलेली जमीन उष्णता सोडते, म्हणून पेटी उंचावर. साधारण माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर."

शब्दांची संख्या पहिल्या खर्ड्यापेक्षा वाढली आहे, हे लक्षात घ्या. साधं म्हणजे थोडकं असं समजून लोक कापत सुटतात. कापायचं ते इतर मुद्द्यांमधून. जो मुद्दा ठेवला, त्याला श्वास घ्यायला जागा द्यायची. या माहितीपटात उष्णतेच्या लाटेच्या व्याख्येचा एक आख्खा भाग होता: मैदानी भागात पारा किमान 40, आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त, किंवा सरळ 45 किंवा त्याहून जास्त. तो भाग निवेदनातून काढून पडद्यावरच्या एका तक्त्यात ठेवला, आणि निवेदक फक्त म्हणतो, "पारा पंचेचाळीस गाठतो, तेव्हा हवामान खातं त्याला उष्णतेची लाट म्हणतं." बाकीचं ज्याला हवं तो थांबवून वाचेल.

संस्कृतप्रचुर भाषेला या माहितीपटात एकही जागा नाही असं मात्र नाही. हवामान खात्याचा इशारा पडद्यावर येतो तिथे त्याची भाषा आहे तशीच वाचून घेतली: "नागरिकांनी दुपारच्या वेळी अनावश्यक बाहेर पडणे टाळावे." तो सरकारी सूर तिथे खराच आहे. आजूबाजूचं निवेदन साधं असल्यामुळे तो इशाऱ्यासारखा ऐकू येतो. सगळंच त्या सुरात असतं तर इशारा वेगळा कळला नसता.

जमलं की नाही हे वर्गात ऐकवून पाहावं, पण "समजलं का?" असं विचारू नये. सगळे हो म्हणतात. पहिली दीड मिनिटं दाखवायची, थांबवायचं, आणि एकाला म्हणायचं, "जो आज आला नाही त्याला सांग, काय झालं." तो कुठले शब्द उचलतो ते लिहून घ्यायचं. नागपूरच्या महाल भागातल्या एका शाळेत नववीच्या मुलांनी सांगताना "झडपा", "वारा आत, ऊन बाहेर" हे जसंच्या तसं उचललं. पण पहिल्या मसुद्यात "पारा" होता तिथे दोघांनी विचारलं, पारा म्हणजे काय? त्यांनी डिजिटल थर्मामीटरच पाहिलाय. आम्ही शब्द काढला नाही. "पारा" पहिल्यांदा येतो तिथे जुन्या काचेच्या थर्मामीटरचं दोन सेकंदांचं चित्र घातलं.

शेवटचा तंटा खालच्या ओळींचा होता. बरीच मुलं फोनचा आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून निवेदन अक्षरांत द्यावं लागतं. एका शिक्षिकेचं म्हणणं होतं की तिथे तरी "तपासले", "ठेवले जाते" असं छापील मराठी हवं, नाहीतर मुलं परीक्षेतही "तपासलं" लिहितील. त्यांची काळजी मला पटते. तरी कानावर एक आणि डोळ्यांसमोर दुसरं आलं की मुलं दोन्हींची तुलना करत बसतात आणि मजकूर सुटतो. म्हणून ओळींत बोलल्याप्रमाणेच अक्षरं ठेवली, एका वेळी दोनच ओळी, आकडे सगळे अंकांत. आणि शिक्षकांसाठी तोच मजकूर प्रमाण लेखनात एका पानावर वेगळा दिला. वर्गात दोन्ही शेजारी ठेवून "बोलताना असं, लिहिताना असं" हे शिकवायला त्याच शिक्षिकांनी तो वापरला.